गटाचा मेसेज कुठे अडतो

द्वारकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत अकरा जण आहोत. गेल्या वर्षी दिवाळी पहाटेचा कार्यक्रम सोसायटीच्या बागेत ठरला होता, पण आदल्या दिवशी दव आणि धूर दोन्ही वाढले, म्हणून रात्री नऊच्या सुमारास तो सभागृहात न्यायचं ठरलं. चिटणिसांनी आपल्या अँड्रॉइड फोनवरून बाकीच्या दहा जणांना एकच मेसेज टाकला. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहेच, पण तबल्यावर बसणारे काका बटणांचा फोन वापरतात आणि दोघी काकू रात्री मोबाइल डेटा बंद करून झोपतात. त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचावी म्हणूनच साधा मेसेज निवडला होता. सकाळी सव्वापाचला काका तबला-डग्गा घेऊन अंधाऱ्या बागेत उभे होते.

मी मोबाइल कंपन्यांच्या मेसेज यंत्रणेवर बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून फराळ झाल्यावर सगळ्यांचे फोन टेबलावर मांडायला सांगितले. दहा जणांपैकी सात जणांना मेसेज नीट मिळाला होता. दोघी काकूंच्या फोनवर मजकूर नव्हता, Tap to download एवढीच ओळ होती. काकांच्या फोनवर काहीच नव्हतं. चिटणिसांच्या फोनवर मात्र सगळ्यांना मेसेज गेल्यासारखा दिसत होता. चिटणीस खजील झाले होते, पण त्यांची चूक नव्हती. त्यांनी एसएमएस पाठवला असं त्यांना वाटत होतं, फोनने एमएमएस पाठवला होता.

हे का होतं ते समजायला एक गोष्ट धरून ठेवावी लागते: एसएमएसमध्ये गट नसतोच. एक पाठवणारा, एक घेणारा आणि मधे १४० बाइटची जागा, एवढाच त्याचा ऐवज. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस गेला तेव्हापासून हा साचा बदललेला नाही. पाकिटावर एकच पत्ता लिहायची सोय आहे, हा मेसेज आणखी कोणाकोणाला गेला ते लिहायला जागाच नाही. तुम्ही दहा जणांना एसएमएस करता तेव्हा फोन दहा वेगळी पाकिटं टाकतो. प्रत्येकाला वाटतं, आपल्याला एकट्यालाच लिहिलंय. उत्तरही पाठवणाऱ्याला एकट्यालाच जातं.

एमएमएस वेगळ्या घडणीचा आहे. त्यात ईमेलसारखी पत्त्यांची यादी असते, म्हणून उत्तर सगळ्यांना जाऊ शकतं आणि दहा जणांचं संभाषण एकाच खिडकीत दिसतं. म्हणूनच फोन बनवणाऱ्यांनी गटासाठी एमएमएसचा आधार घेतला. मेसेजमध्ये चित्र नसलं तरी, नुसतं ‘हो’ लिहिलं तरी, गटात टाकलं की तो एमएमएस होतो. गुगल मेसेजेस या ॲपमध्ये सेटिंग्जच्या Advanced भागात Group messaging आहे. तिथे दोन पर्याय मिळतात. एकात सगळ्यांना स्वतंत्र एसएमएस जातो आणि उत्तरं वेगवेगळी येतात, दुसऱ्यात सगळ्यांना मिळून एमएमएस जातो. चिटणिसांचा फोन दसऱ्याला घेतलेला, नवा. त्यावर दुसरा पर्याय आधीच निवडलेला होता.

आता काकूंच्या Tap to download कडे येऊ. एसएमएस आवाजाच्या नेटवर्कच्या आधाराने, फोनच्या सिग्नल-व्यवहारातूनच येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. एमएमएस दोन टप्प्यांत येतो. मजकूर कंपनीच्या एमएमएस केंद्रात थांबतो आणि तुमच्या फोनला एक छोटी सूचना मिळते की तुमच्यासाठी काहीतरी ठेवलं आहे, येऊन घ्या. ही सूचना एसएमएसच्याच वाटेने येते, म्हणून डेटा बंद असला तरी पोहोचते. पण ठेवलेला मजकूर आणायला फोनला मोबाइल डेटा लागतो, आणि तोही त्याच सिमकार्डचा. घरचं वायफाय चालू आहे म्हणून बहुतेक वेळा भागत नाही. काकूंच्या घरी वायफाय जोरात चालू होतं, मोबाइल डेटा बंद होता. सूचना आली, मजकूर केंद्रात पडून राहिला. मी सकाळी Mobile data चालू करून त्या ओळीवर बोट ठेवलं, पाच-सहा सेकंदांत मेसेज उघडला. काकूंना तेव्हा जी रुखरुख लागली ती माझ्या लक्षात राहिली: रात्रभर पत्र दाराशी होतं आणि कोणी सांगितलं नाही.

काकांच्या फोनवर एमएमएसच्या सेटिंग्जच नव्हत्या, म्हणून त्यांना सूचनाही दिसली नाही. पाठवणाऱ्याला हे कळायचा मार्ग नसतो. त्याच्या स्क्रीनवर फक्त आपला मेसेज निघाल्याचं दिसतं.

पैशाची बाजूही इथे मधे येते. आपल्याकडच्या बहुतेक रिचार्जमध्ये रोजचे १०० एसएमएस मिळतात, एमएमएस त्यात धरत नाहीत. त्याचे पैसे मुख्य शिलकीतून जातात. ज्यांनी फक्त वैधतेचं रिचार्ज केलं आहे आणि मुख्य शिल्लक शून्य आहे, त्यांचं गटातलं साधं ‘ठीक आहे’ सुद्धा जात नाही आणि फोन नीट कारण सांगत नाही. अमेरिकेतल्या आपल्या मुलांना हे पटकन कळत नाही, कारण तिथल्या मासिक बिलात एमएमएस सहसा धरलेला असतो आणि एमएमएसचे घरगुती गट रोज चालतात. त्याच गटात आईचा +९१ चा नंबर घातला की भरवसा संपतो. देश ओलांडून एमएमएस पोहोचेलच असं नाही.

आयफोनने यात आणखी एक थर आणला. २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर आयमेसेज आला. गटातले सगळे आयफोनवाले असतील तर संभाषण ॲपलच्या सर्व्हरवरून, इंटरनेटने जातं आणि बुडबुडे निळे दिसतात. त्यात एक अँड्रॉइड आला की त्या एकासाठी सगळा गट खाली उतरायचा, एमएमएसवर, आणि बुडबुडे हिरवे व्हायचे. गट नेहमी त्यातल्या सर्वांत साध्या फोनच्या पायरीवर उभा राहतो. आमच्या कार्यकारिणीत चार आयफोन आहेत. ते चौघं आपापसात ठरवायचे तेव्हा सगळं सुरळीत व्हायचं, अकरा जणांचा गट झाला की हिरवं व्हायचं, आणि त्यांना वाटायचं की अँड्रॉइडवाल्यांचे फोन खराब आहेत.

सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ आला आणि आयफोनला आरसीएस मिळालं. अँड्रॉइडवर ते आधीपासून होतं. आरसीएसमध्ये गट खरोखर गट असतो: इंटरनेटने जातो, मोठे फोटो जातात, कोण लिहितंय ते दिसतं. पण आयफोनवर ते चालायला मोबाइल कंपनीने ते सुरू केलेलं असावं लागतं. तपासायची रीत सोपी आहे. आयफोनच्या Settings मध्ये Apps, त्यात Messages उघडा. RCS Messaging हे बटण दिसलंच नाही तर आधी आयओएस जुनी आहे का ते पाहा, नवी असेल तर तुमच्या कंपनीकडे ती सोय नाही. आणि लिहायच्या चौकटीत फिकट अक्षरं पाहा. Text Message · RCS दिसलं तर आरसीएस, Text Message · SMS दिसलं तर जुनी वाट. अँड्रॉइडवर तिथेच RCS message की Text message ते लिहिलेलं असतं. मी घरातल्या सगळ्यांना पाठवण्याआधी ही चौकट वाचायची सवय लावली आहे, कारण पाठवल्यावर दुरुस्ती नसते. आणि अकरांपैकी दहा जणांकडे आरसीएस असलं तरी एका काकांमुळे गट एमएमएसवरच जातो, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

फोन बदलणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे आणि ती मी खूप वेळा पाहिली आहे. आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला, सिम काढून नव्या फोनात घातलं, पण ॲपलकडे तो नंबर आयमेसेजचा म्हणून नोंदलेलाच राहिला. मग आयफोनवाले मित्र जे लिहितात ते ॲपलच्या सर्व्हरकडे जातं, आणि नव्या फोनवर काही येत नाही. सिम काढण्याआधी जुन्या आयफोनवर iMessage बंद करावं. ते राहून गेलं असेल तर ही पानं कामाची आहेत. पहिलं आयमेसेजसाठी, दुसरं अँड्रॉइडचं आरसीएस तसंच मागे राहिलं असेल तर:

```
selfsolve.apple.com/deregister-imessage
messages.google.com/disable-chat
```

दोन्ही ठिकाणी नंबर टाकला की एसएमएसने कोड येतो, तो भरला की नोंद निघते. त्यानंतर जुन्या गटावर अवलंबून राहू नये, नवा गट करावा.

आता मुख्य प्रश्न, आमच्या मंडळाने काय केलं. आम्ही दोन कामं वेगळी केली. गप्पा आणि फोटो व्हॉट्सॲपवर राहिले. सूचना मात्र स्वतंत्र एसएमएसने, म्हणजे Group messaging चा पहिला पर्याय निवडून. आयफोनवरून पाठवणाऱ्याने Messages च्या सेटिंग्जमध्ये Group Messaging बंद केलं की तिथेही तसंच होतं.

पण इथे मराठीची खास अडचण येते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आणि मोजणी आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळा मोजला जातो. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, फोन चार मोजतो. मेसेज सत्तरच्या पुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे होतात. चिटणिसांची पहिली सूचना, नमस्कार-शुभेच्छांसकट, अडीचशे अक्षरांची होती. म्हणजे चार तुकडे. दहा जणांना चाळीस एसएमएस. दुरुस्तीसाठी ती पुन्हा एकदा पाठवली तर ऐंशी. तिसऱ्यांदा पाठवताना रोजचे शंभर मधेच संपणार, आणि शेवटच्या काही जणांना सूचना मिळणार नाही. शिवाय कित्येक अँड्रॉइड फोन काही तुकड्यांनंतर लांब मजकूर आपोआप एमएमएस करून टाकतात, म्हणजे फिरून आपण काकूंच्या अडकलेल्या पत्राशी येतो. विषयाची ओळ भरली किंवा यादीत ईमेल पत्ता असला तरी तेच होतं.

मी चिटणिसांबरोबर बसून सूचना अशी केली: ‘कार्यक्रम उद्या ५.३० ला, बागेत नाही, सभागृहात. होकार कळवा.’ फोनच्या हिशेबाने ही ५८ अक्षरं आहेत. एक तुकडा, दहा जणांना दहा एसएमएस. शुभेच्छा सकाळी समोरासमोर द्यायच्या असं ठरलं. काकांच्या फोनवर देवनागरी उमटते का ते आधी ‘नमस्कार’ पाठवून पाहिलं, कारण जुन्या काही फोनांत चौकोन दिसतात. उमटली.

होकार मागण्याचं कारण एवढंच की एसएमएस वाचला गेल्याचं कळत नाही. उत्तरं फक्त चिटणिसांना येतात, म्हणून यादी त्यांच्याजवळ राहते. अर्ध्या तासात ज्याचं ‘हो’ आलं नाही त्याला फोन करायचा. यंदा सूचना संध्याकाळी सातला गेली, साडेसातपर्यंत आठ होकार आले. राहिलेल्यांपैकी एक आयफोनवाले मेट्रोत होते, त्यांना फोन लागला. दुसरे काका. त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, मेसेज आलाय, उत्तर टाइप करायला वेळ लागतोय, तबला सभागृहातच आणतो.