छायेची सरहद्द

छाया जिथे संपते आणि प्रकाश जिथे सुरू होतो तिथे एक निश्चित रेषा असते, ही बालपणापासून मनात ठसलेली समजूत माझ्यापुरती नाहीशी झाली ती महाविद्यालयाच्या काळोख्या प्रयोगशाळेत, सोडियमच्या पिवळ्या दिव्यासमोर एक अरुंद उभी फट, तिच्यापुढे एक मीटरवर दाढीच्या पात्याची उभी धार आणि त्याहीपुढे एक मीटरवर सूक्ष्ममापी नेत्रिका मांडून मी आत पाहिले तेव्हा. छायेच्या बाहेर, जिथे सरळ चालणाऱ्या प्रकाशाने सर्वत्र सारखाच उजेड द्यावयास हवा होता, तिथे तेजस्वी आणि मंद पट्टे आलटून पालटून उभे होते आणि बाहेरच्या बाजूस ते अधिकाधिक दाट होत विरून जात होते. छायेच्या आत मात्र एकही पट्टा नव्हता. उजेड नुसता ओसरत जाऊन काळोखात मिसळत होता.

हे पट्टे सहजासहजी दर्शन देत नाहीत. पात्याची धार फटीशी अगदी समांतर नसली तर ते पुसट होतात, म्हणून पाते कणाकणाने फिरवीत ते ठळक होण्याची वाट पाहावी लागते. आणि उजेड वाढावा म्हणून फट रुंद करावी, तर तिचा प्रत्येक भाग आपापले पट्टे किंचित सरकवून टाकतो आणि सगळ्यांच्या मिसळणीत एकही उरत नाही.

प्रकाश तरंगरूप मानून या पट्ट्यांचा तपशीलवार हिशेब फ्रेनेलने 1818 साली फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवला. परंतु त्याच्या संकलांनी मला उत्तर दिले, कारण दिले नाही. कारण दिले ते कॉर्न्यू या फ्रेंच भौतिकज्ञाने 1874 साली रेखाटलेल्या सर्पिल वक्राने. धारेपाशी पोहोचलेल्या तरंगाच्या अरुंद उभ्या पट्ट्या कल्पाव्या, प्रत्येक पट्टीच्या वाट्याचा एक लहानसा बाण काढावा आणि दूरच्या पट्टीचा तरंग जितका उशिरा पोहोचतो तितका तिचा बाण वळवावा. हा उशीर अंतराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे एकापुढे एक जोडलेले बाण आधी जवळजवळ सरळ जातात, मग वळतात आणि अखेर एका बिंदूभोवती वेटोळे घालीत राहतात. मधोमध आरंभबिंदू आणि दोन्ही टोकांना दोन वेटोळी, अशी आकृती तयार होते. वक्राचा जितका भाग मोकळा असेल त्याची दोन टोके सरळ रेषेने सांधावी. त्या रेषेच्या लांबीचा वर्ग म्हणजे तिथली दीप्ती.

मोकळ्या बाजूचे टोक एका वेटोळ्याच्या केंद्रात कायम असते. धारेमुळे दुसरे टोक तेवढे सरकते. बरोबर छायारेषेवर ते आरंभबिंदूपाशी असते, रेषा निम्मी होते, आणि म्हणून दीप्ती निम्मी नव्हे, एक चतुर्थांश उरते. तिथून बाहेर जावे तर हे टोक पलीकडच्या वेटोळ्यात फिरू लागते. रेषा कधी लांबते, कधी आखडते, आणि पहिल्या पट्ट्यात उजेड मूळच्या 1.37 पट होतो, लगेच पुढे 0.78 पर्यंत उतरतो. आत जावे तर तेच टोक अलीकडच्या वेटोळ्यात, म्हणजे ज्याच्या केंद्रापासून आपण मोजतो आहोत त्याच्याच भोवती, शिरते. रेषा फिरते खरी, पण प्रत्येक फेऱ्यात आखडतच जाते. छायेत पट्टे का नाहीत, याचा याहून सुंदर खुलासा मला ठाऊक नाही.

पुढे अध्यापक झाल्यावर हाच प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेताना मी त्यांना सांगत असे, की छायारेषा नेत्रिकेत शोधू नका. चतुर्थांश दीप्तीच्या त्या जागी डोळ्याला कोणतीच खूण सापडत नाही. तेव्हा पट्ट्यांमधली अंतरेच मोजावी. आमच्या मांडणीत पहिला तेजस्वी पट्टा छायारेषेपासून 0.93 मिलिमीटरवर, दुसरा 1.80 वर आणि तिसरा 2.37 वर पडतो. पहिल्या दोहोंतील 0.87 मिलिमीटर नीट मोजले, तर त्यावरून सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढता येते.

निवृत्तीनंतर खगोलशास्त्राच्या वाचनात ही धार मला पुन्हा भेटली, ती चंद्रबिंबाची. चंद्रामागे तारा जाताना त्याचा प्रकाश किती हळू मावळतो यावरून ताऱ्याचा व्यास काढावा, ही सूचना पुढे आली तेव्हा एडिंग्टन यांनी 1909 साली दाखवून दिले, की तो मावळण्याचा काळ मुख्यतः विवर्तनाचाच असतो. चंद्राच्या अंतरावरून पृथ्वीवर पडणारे हे पट्टे सुमारे दहा-अकरा मीटरांच्या अंतराने असतात आणि सेकंदाच्या काही सहस्रांशांत दुर्बिणीवरून निघून जातात. व्हिटफर्ड यांनी 1939 च्या सुमारास प्रकाशविद्युत्-घटाच्या साहाय्याने ते प्रत्यक्ष नोंदविले. मात्र मोठ्या बिंबाचा तारा रुंद फटीसारखा वागतो, आपलेच पट्टे पुसतो. आणि ते किती पुसले गेले यावरूनच त्याचा व्यास निघतो. प्रयोगशाळेत आम्ही जिच्यापासून जपत असू ती पुसटता इथे मोजण्याची वस्तू झाली. रोहिणीचे बिंब कोनाच्या सुमारे 0.02 विकला आहे, म्हणजे चंद्राच्या अंतरावरून पृथ्वीवर जवळजवळ 37 मीटर, पट्ट्यांच्या अंतराच्या तिपटीहून अधिक; म्हणून चंद्राने रोहिणीला झाकले असता तिच्या प्रकाशाच्या आलेखात पट्टे जवळजवळ उरत नाहीत, आणि तो आलेख छायेच्या आतल्या उजेडासारखा सलग उतरत जातो.