मोहाखाली पुन्हा

मोहाचं फूल झाडावरून तोडत नाहीत. रात्रीतून ते आपसूक गळतं आणि पहाटे झाडाखाली जाऊन वेचावं लागतं. उशीर झाला की गुरं नि हरणं फडशा पाडतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये हेमलकशाच्या आसपासचे माडिया लोक झुंजुमुंजूलाच टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही तेच फूल आवडतं आणि तीच वेळ सोयीची. त्याची नजर अधू. वाकून वेचणारं माणूस त्याला अगदी जवळ आल्यावर कळतं आणि मग ते बिथरून अंगावर येतं. पंजा बहुधा डोक्या-तोंडावरच बसतो. १९७३ साली हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा वीज नव्हती, तरी डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे असे फाटलेले चेहरे शिवत आले.

मी पाहिलेला हल्ला भराभर संपला. जखमी बाई दवाखान्यातून बरी होऊन आली. तिच्या जावेला मात्र ओरखडाही नव्हता, आणि तीच झाडाकडे जाईना. वाळल्या पानावर बकरीचा पाय पडला तरी दचकायची. दुसरीकडे वेचावं, तर प्रत्येक घराची झाडं ठरलेली.

मीही त्या वाटेनं जायचं टाळत होतो. टाळलं की जिवाला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि भीती तशीच शाबूत राहते. मानसशास्त्र सांगतं की जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी आठवण रुजते. आणि ती जिथं रुजली त्या जागेला बरीच चिकटून असते. अंगणात बसून धीर दिल्यानं झाडाखालचा धीर येत नाही तो यामुळेच. पण इथं नुसतं धीटपणानं भागत नाही. अस्वलही त्याच जागी परत येतं, तेव्हा त्या जावेच्या भीतीतला निम्मा भाग शहाणपणाचाच होता.

शेवटी ती गेली, पण ऊन पडल्यावर, चौघींच्या सोबतीनं. पोरगा पुढं डबा बडवत होता. झाडापासून लांबच थांबून तिनं आधी जमीन पाहिली. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. (त्यातूनच वणवे लागतात, हे वनखातं दरवर्षी सांगतं.) त्या राखेत माग स्पष्ट उमटतो: माणसासारखं रुंद पाऊल, आणि बोटांच्या बरीच पुढं नखांची टोकं. खोडावर ताजे ओरखडे आहेत का, जवळचं वारूळ उकरलंय का, हेही तिनं पाहिलं. काही नव्हतं. तरी वेचताना दर दोन मुठींनी ती मान वर करायची.

टोपली अर्धीच भरली, बाकीचं गुरांनी खाल्लं होतं. पुढच्या हंगामात यावरूनच दोघी जावांचं वाजलं. गालावर व्रण असलेली म्हणत होती, पहाटेच जाऊ, नाहीतर हाती काय लागणार? आणि हिचं एकच, उजाडल्याशिवाय नाही.