साडेब्याण्णव हजार

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद आणि बेदाणा भरायचा आणि आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड करत साताऱ्याच्या दुकानांत उतरवायचा, हा माझा धंदा. त्यातला पहिला टेम्पो कधी विकायचा, हे मला ज्यांनी सांगितलं, त्यांचं पोट माझ्या टेम्पोच्या दुरुस्तीवर चालत होतं.

टेम्पोला चार वर्षं झाली होती. चौथ्या वर्षी दुरुस्तीला चाळीस हजार गेले होते. मी मिस्त्रींना म्हटलं, "एवढा पैसा घातलाय, आता दोन वर्षं वापरून वसूल करतो."

"शेठ, तो गेला," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या वर्षी काय जाणार ते बघा." आणि माझीच बिलांची वही पुढे ओढली.

टेम्पो पाच लाखांचा. वर्षभरात बाजारात त्याचे तीन लाख नव्वद हजार उरले, दुरुस्ती दहा हजार. म्हणजे पहिलं वर्ष एक लाख वीस हजारांना पडलं. पुढे किंमत हळू उतरली, दुरुस्ती मात्र वाढली. तीन वर्षांचं मिळून दोन लाख पंच्याऐंशी हजार, वर्षाला पंच्याण्णव. चार वर्षांचं तीन लाख सत्तर, वर्षाला साडेब्याण्णव हजार. डिझेल आणि विमा त्यांनी धरलाच नाही. ते नव्या गाडीलाही लागणारच. उलट गाडी गॅरेजात असताना दुसऱ्याच्या गाडीला दिलेलं भाडं त्यांनी दुरुस्तीत घालायला लावलं. ते मी कधीच मोजलं नव्हतं.

मग पाचवं वर्ष. त्यांनी टेम्पो चालू करून धूर पाहिला, खाली वाकून पाटे पाहिले. क्लच, इंजेक्टर आणि खाडे धरून पासष्ट हजारांचा अंदाज दिला. आज दोन लाख वीस येतील, वर्षाने एक लाख ऐंशी. चाळीस आणि पासष्ट, एक लाख पाच हजार. पुढचं एक वर्ष आजवरच्या सरासरीपेक्षा महाग पडायला लागलं की गाडी सोडायची, एवढाच त्यांचा हिशेब.

"इंजिन बांधून घेतलं तर?" मी विचारलं.

"बिल तुमचं वाढेल. घेणारा तेवढे जास्त देणार नाही."

दुसऱ्या टेम्पोला हाच हिशेब लावला तेव्हा सहावं वर्ष निघालं, कारण तो फक्त सांगली-मिरजेत फिरायचा. तेव्हा चौथं वर्ष हा काही मंत्र नव्हे. आठ वर्षांपर्यंत मात्र जाऊ देऊ नये, असं माझं मत. त्यानंतर फिटनेसचं पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावं लागतं, आणि गिऱ्हाईक भाव करताना ते आधी काढतं.

पहिल्या टेम्पोच्या जागी घेतलेली नवी गाडी वॉरंटीमुळे कंपनीच्या वर्कशॉपला जाऊ लागली. दोन वर्षं मिस्त्रींना माझ्याकडून एक रुपया मिळाला नाही. मी ओशाळून त्यांच्या गॅरेजवरून जायचं टाळायचो. एकदा त्यांनीच हाक मारली आणि विचारलं, "वही लिहिताय ना?"