गुरुद्वारात पहिल्यांदा जाताना

अमरगोळहून आम्ही काही पालक मुलांना घेऊन बिदरला गेलो होतो. तिथल्या गुरुद्वारा नानक झिरा साहिबमध्ये जायची आमची पहिलीच वेळ. कपडे अंगभर असावेत एवढे ठाऊक होते. डोके कसे झाकायचे हे मात्र नीट ठाऊक नव्हते. मुलांनी क्रिकेटच्या टोप्या घातल्या होत्या. दारातल्या सेवेकऱ्याने त्या काढायला लावून डोक्याला बांधायला रुमाल दिले. बायकांचा पदर चालतो, पण वाकताना तो घसरतो. मागे गाठ मारलेली ओढणी बरी. आमच्यापैकी एकांच्या खिशात तंबाखूची पुडी होती. शीख धर्मात तंबाखू वर्ज्य आहे हे कळताच ते ओशाळून गाडीपर्यंत जाऊन ती ठेवून आले.

चपला ठेवून, हातपाय धुऊन आम्ही आत गेलो. गुरु ग्रंथसाहिबासमोर डोके टेकवून जमिनीवर बसलो. ग्रंथाकडे पाय पसरायचे नाहीत. मग कढाप्रसाद आला. देवळातल्या सवयीने आम्ही उजवा हात पुढे केला. इथे दोन्ही हातांची ओंजळ करायची असते. लंगरमध्ये पोळीही तशीच घ्यायची आणि लागेल तेवढेच मागायचे, कारण ताटात टाकलेले तिथे आवडत नाही.

परतताना मुलांना सांगितले, की त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. "मग आधी का नाही सांगितलंत?" एका मुलीने विचारले. तिचे बरोबर होते. रुमालाबरोबर हेही घरूनच द्यायला हवे होते.