गाडी बंद पडली तर काय कळवायचे



आपल्यापैकी बऱ्याच जणी गाडी चालवत नाहीत, पण शेजारच्या सीटवर बसून फोन मात्र आपल्याच हातात असतो. गाडी रस्त्यात बंद पडली की घरचे पुरुष बॉनेट उघडून उभे राहतात आणि मदत सेवेला निरोप पाठवायचे काम आपल्याकडे येते. या पावसाळ्यात ते माझ्याकडे आले. आम्ही कटंगीहून तुमसर-मोहाडीमार्गे भंडाऱ्याला परत येत होतो आणि मोहाडी सोडल्यावर वरठीच्या अलीकडे गाडी थांबली. संध्याकाळ होती आणि पाऊस सुरू होता. विम्यासोबत मिळालेल्या सेवेच्या नंबरवर मी जे लिहून पाठवले, त्यातला एकेक शब्द का लिहिला ते आज सांगते.

बीकॉमला आम्हाला व्हाउचरखाली नॅरेशन लिहायला शिकवत. व्यवहाराच्या वेळी जो हजर नव्हता, त्यालाही ते वाचून सगळे समजले पाहिजे, असा नियम होता. इथेही तसेच आहे. फोन घेणारी मुलगी दूरच्या शहरात बसलेली असते. तिने आपला रस्ताही पाहिलेला नसतो आणि गाडीही.

आधी जागा

नुसते "मोहाडीजवळ" लिहिले तर घोटाळा होतो. धुळ्याला मोहाडी उपनगर आहे, नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातही मोहाडी आहे. संगणकावर नाव टाकले की त्यातले कोणते आधी वर येईल, सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच ओळीत "मोहाडी, जिल्हा भंडारा" असे हवे. "भंडारा रोडला आहोत" हेही टाळावे. भंडारा रोड हे रेल्वे स्टेशनचे नाव आहे आणि ते स्टेशन वरठीला आहे. माणूस तिकडे जाऊन आपल्याला शोधत बसेल. "मोहाडी तालुक्यात" म्हणूनही भागत नाही, कारण वरठीसुद्धा मोहाडी तालुक्यातच येते.

त्यानंतर दिशा लिहायची. कोणत्या गावाहून कोणत्या गावाकडे चाललो होतो, मागे कोणते गाव गेले, पुढे कोणते येणार आणि गाडी कोणत्या हाताला उभी आहे, एवढे पुरते. त्यात किलोमीटरचा दगड वाचता आला तर फार सोपे होते. राष्ट्रीय महामार्गावर दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावर हिरवा. त्यावर पुढच्या गावाचे नाव आणि आकडा असतो. आम्हाला "भंडारा 14" दिसला, तो मी तसाच लिहिला.

व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवताना दोन पर्याय दिसतात. `Share live location` नको, त्याला बॅटरी आणि नेट दोन्ही सतत लागतात. `Send your current location` दाबायचे. त्याच्याखाली `Accurate to` आणि किती मीटर ते लिहिलेले असते. आकडा शंभराच्या वर असेल तर फोन खिडकीजवळ धरून जरा थांबावे, तो कमी होतो. नेट नसेल तर नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरले की दोन दशांश आकडे मिळतात. ते साध्या एसएमएसने पाठवता येतात. टिंबानंतरचे चार आकडे दिले तर जागा दहा-अकरा मीटरपर्यंत नेमकी कळते. आपल्या भागात पहिला आकडा 21 ने आणि दुसरा 79 ने सुरू होतो. समोरच्याने वाचून दाखवताना दुसरा आकडा 74 ने सुरू केला, तर तो धुळ्याची मोहाडी बघतोय असे समजावे.

मग दिवे

डॅशबोर्डवरच्या दिव्यांचा रंग आधी सांगायचा. लाल म्हणजे लगेच लक्ष द्या, पिवळा म्हणजे तपासून घ्या. हिरवा किंवा निळा बहुधा नुसती माहिती देतो. चिन्हाचे नाव येत नसेल तर दिसते तसे लिहावे. अधिक-उणे असलेली पेटी म्हणजे बॅटरी, थेंब गळणारी तेलाची झारी म्हणजे ऑइल, लाटांमध्ये उभा थर्मामीटर म्हणजे इंजिन तापले.

पण खरी गोम पुढे आहे. इंजिन बंद पडल्यावर चावी चालूच असेल, तर बहुतेक गाड्यांत बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागतोच. इंजिन फिरत नाही, म्हणून ना वीज तयार होते ना तेलाचा दाब. त्या दोन दिव्यांचा बिघाडाशी काही संबंध नसतो. घाबरून "ऑइलचा लाल दिवा लागला" एवढेच लिहिले, तर ऐकणारा भलत्याच दुरुस्तीचा विचार करेल. म्हणून गाडी चालत असताना कोणता दिवा लागला आणि थांबल्यावर कोणते लागले, हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहायचे.

आमच्या गाडीत तुमसर यायच्या आधीच बॅटरीचा लाल दिवा लागला होता, आणि तो एकटाच. यांनी तापमानाचा काटा पाहिला, तो मधोमध होता. म्हणजे इंजिनला तातडीचा धोका नव्हता, पण गाडी आता साठवलेल्या विजेवर चालली होती. एसी आणि फोनचा चार्जर बंद करून भंडाऱ्यापर्यंत जमेल तेवढे जायचे ठरले. पावसात वायपर आणि हेडलाइट मात्र बंद करता येत नव्हते.

शेवटी लक्षणे

इथे सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे चावी फिरवल्यावर सेल्फ काय करतो. नुसते टक-टक होते आणि दिवे मंद होतात, म्हणजे बॅटरीत जोर उरलेला नाही. इंजिन जोमाने घरघर फिरते पण पकडत नाही, म्हणजे बॅटरी ठीक आहे आणि पेट्रोल किंवा ठिणगी पोहोचत नाही. दिवे लख्ख आहेत आणि आवाजच नाही, म्हणजे सेल्फचा दोष, किंवा क्लच पूर्ण दाबलेला नाही. या तिन्हींसाठी येणारा माणूस वेगवेगळे सामान घेऊन निघतो. "गाडी चालू होत नाही" हे वाक्य तिन्हींना लागू पडते, म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

माझा निरोप असा होता:

"मोहाडी, जिल्हा भंडारा. तुमसरहून भंडाऱ्याकडे येताना मोहाडीच्या पुढे, वरठीच्या अलीकडे, डाव्या हाताला. दगड: भंडारा 14. लोकेशन वेगळे पाठवले आहे. पांढरी पेट्रोल कार, मॅन्युअल गियर, एमएच 36 (पुढे पूर्ण नंबर). चालताना फक्त बॅटरीचा लाल दिवा लागला, सुमारे 40 मिनिटे होता. मग हेडलाइट मंद झाले, बरेच दिवे एकदम लागले आणि इंजिन थांबले. तापमान ठीक, धूर किंवा वास नाही. सेल्फला फक्त टक-टक. चाके मोकळी फिरतात. दोघे आहोत, सुरक्षित आहोत. दुसरा नंबर: (यांचा)."

मी "बॅटरी गेली" किंवा "डायनॅमो खराब" असे काही लिहिले नाही. आपण पाहिले-ऐकले तेवढे सांगावे, निदान त्याचे त्याला करू द्यावे.

थोड्या वेळाने मेकॅनिकचा फोन आला. त्याने एकच विचारले, "काकू, बॉनेटखाली इंजिनच्या कडेला रबरी पट्टा जागेवर आहे का? चावी काढून टॉर्चने बघा." यांनी पाहिले, पट्टा शाबूत होता. पट्टा तुटलेला असता तर तो नवा पट्टा घेऊन निघणार होता. आता तो म्हणाला, "मग अल्टरनेटरच असेल. नुसती बॅटरी लावून उपयोग नाही, थोडे जाऊन पुन्हा बंद पडेल. मी सपाट पाटीची गाडी घेऊनच येतो."

आमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढणे तिच्यासाठी बरे नाही, म्हणून पाटीवर चढवणेच योग्य. ऑटोमॅटिक गियर असेल तर हे आणखी महत्त्वाचे, त्यासाठीच गियरचा प्रकार निरोपात हवा. "चाके मोकळी फिरतात" हे वाचून गाडी ओढून पाटीवर घेता येईल हे त्याला कळले. स्टिअरिंग लॉक असेल किंवा चाक खड्ड्यात अडकले असेल तर तेही लिहायचे.

तो आला, आपल्या बॅटरीच्या वायरी जोडल्या आणि गाडी लगेच सुरू झाली. पण बॅटरीचा लाल दिवा तसाच राहिला. त्याने तिकडे बोट दाखवले आणि काही न बोलता गाडी पाटीवर घेतली. भंडाऱ्याच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी अल्टरनेटर उघडला, तेव्हा त्यातले कार्बन ब्रश झिजून संपलेले निघाले. निरोपावरून फोनवर काढलेला अंदाज बरोबर होता.

लाल दिवा थर्मामीटरचा असेल तर निरोप थोडा बदलतो. इंजिन आपोआप थांबले की तुम्ही बंद केले, वाफ आली का, खाली पाणी सांडले आहे का आणि त्याचा रंग कोणता, एवढे लिहावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कोणी उघडू नये. आत दाबाखालचे उकळते पाणी असते, ते अंगावर उडते. ते कळवण्याआधीच यांना बॉनेटपासून बाजूला करा.

आता माझ्या फोनमध्ये ही रिकामी चौकट साठवून ठेवली आहे. तुम्हीही उतरवून घ्या: गाव आणि जिल्हा, कुठून कुठे, कोणत्या हाताला, दगड, गाडीचा रंग, इंधन, गियर, नंबर, चालताना लागलेला दिवा, थांबल्यावर काय झाले, सेल्फचा आवाज, धूर, वास, तापमान, चाके, किती माणसे, दुसरा फोन. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 आणि जिवाला धोका असेल तर 112, हे दोन नंबर त्याच्याच खाली लिहून ठेवा.