औषध चालू आहे, मग कापायचं कशाला?

आमच्या घराण्याला तंजावरात राहून कित्येक पिढ्या झाल्या. घरात आमची जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी सर्जन आहे. कावेरीच्या या भातपट्ट्यातले पाय बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. चिखलात अनवाणी उभे राहिलेले, काटा रुतलेले, शुगरमुळे बधिर झालेले पाय. आणि रात्री ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नातेवाईक मला एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टरम्मा, अँटिबायोटिक चालू केलंय ना? मग कापायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. न्युमोनिया अँटिबायोटिकने बरा होतो, लघवीचा संसर्ग बरा होतो, मग पायाचा का होऊ नये? बहुतेक वेळा होतोही. त्वचा लाल होते, सुजते, औषध घेतलं की चार-पाच दिवसांत उतरते. पण एक प्रकार असा आहे की तिथे हा हिशेब चालत नाही. डॉक्टर त्याला नेक्रोटायझिंग संसर्ग म्हणतात. त्यात त्वचेखालची चरबी आणि स्नायूंवरचा पांढरा चिवट पापुद्रा मरत जातो. वरची कातडी मात्र सुरुवातीला जवळजवळ नेहमीसारखी दिसते. फसगत तिथेच होते.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. जुलै महिना, कुरुवै भाताची लावणी चालू होती. वेण्णार नदीच्या बाजूच्या एका खेड्यातले पंचावन्नच्या आसपासचे शेतकरी. बांधावर चालताना नडगीला बाभळीचा काटा लागला. शुगर होती, पण गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. दुसऱ्या दिवशी पाय दुखायला लागला तेव्हा दुकानातून अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी ताप, आणि वेदना इतकी की चादरीचा स्पर्श सहन होईना. रात्री नऊला १०८ ची गाडी त्यांना घेऊन आली.

पाय बघून कोणी घाबरला नसता. नडगीवर तळहाताएवढी लाली, घोट्यापर्यंत सूज, एक लहानसा निळसर डाग. पण लालीच्या बाहेर, जिथे कातडी अगदी साफ होती, तिथे बोट ठेवलं तरी ते ओरडत होते. हाताला पाय लाकडासारखा टणक लागत होता. नाडी मिनिटाला १२८, रक्तदाब ९० च्या खाली, शुगर ३८० च्या वर, आणि बायकोने नाव घेऊन हाक मारली तरी उत्तर उशिरा येत होतं. दिसणारी जखम लहान आणि माणूस मात्र फार आजारी, असं असलं की मी सावध होते. कातडीखाली हवा असेल तर दाबल्यावर कुरकुर आवाज येतो. इथे तो नव्हता. पण आवाज नसला म्हणून हा आजार नाही असं म्हणता येत नाही, कितीतरी रुग्णांत तो येतच नाही. एक्स-रेचंही तसंच.

मी पेनने लालीच्या कडेने रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली, नऊ वीस. रक्ताचे नमुने कल्चरसाठी घेतले, सलाईन जोरात सोडलं, इन्सुलिन चालू केलं आणि लगेच तीन अँटिबायोटिकं शिरेतून दिली: पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, व्हँकोमायसिन आणि क्लिंडामायसिन. तीन कशाला? जंतू कोणता ते त्या क्षणी ठाऊक नसतं. कधी स्ट्रेप्टोकोकस एकटाच असतो, कधी आतड्यातले चार-पाच जंतू मिळून हे काम करतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात जखम झाली असेल तर आणखी वेगळे जंतू असतात, आणि तेव्हा औषधही वेगळं जोडावं लागतं. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस जातात. तेवढा वेळ रुग्णाकडे नसतो, म्हणून जाळं मोठं टाकायचं.

यातल्या क्लिंडामायसिनचं काम मात्र निराळं आहे, आणि मला ते नेहमीच मोठं सुरेख वाटत आलंय. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूची भिंत बांधली जात असताना घाव घालतात, म्हणजे जंतू वाढत असेल तरच ती नीट चालतात. १९५२ मध्ये हॅरी ईगल या अमेरिकन शास्त्रज्ञाला उंदरांमध्ये दिसलं की स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन बराच वेळ गेला असेल तर पेनिसिलिनचा प्रभाव उतरतो. जंतूंची गर्दी इतकी झालेली असते की ते वाढायचे थांबतात, आणि न बांधल्या जाणाऱ्या भिंतीवर घाव कुठे घालणार? १९८८ मध्ये डेनिस स्टीव्हन्स यांनी हा प्रयोग पुढे नेला. पेनिसिलिन दोन तास उशिरा दिलं तर उपयोग झाला नाही. क्लिंडामायसिन सोळा तासांनंतर दिलं तरी बहुतेक उंदीर जगले. कारण ते जंतूचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद करतं. जंतू वाढत असो वा नसो, आणि स्ट्रेप्टोकोकसची विषं ही प्रथिनंच असतात. रक्तदाब पाडणारी, माणसाला भ्रमात नेणारी ती विषं. नळ बंद व्हावा तशी त्यांची निर्मिती थांबते.

तरीही ते एकट्याने कधी देत नाहीत. आतड्यातल्या बऱ्याच जंतूंवर ते चालत नाही, आणि काही स्ट्रेप्टोकोकसही आता त्याला दाद देत नाहीत. म्हणून ते कायम जोडीला.

हे सगळं शिरेतून जात असताना त्यांचा मुलगा माझ्यासमोर उभा होता. थिएटर तयार होत होतं, संमतीची सही हवी होती. त्याने तोच प्रश्न विचारला. "एवढी भारी औषधं दिली ना? सकाळपर्यंत थांबू या."

मी म्हटलं, "तंबी, तुमचं शेत कालव्याच्या कुठल्या टोकाला?"

"शेवटच्या. कडैमडै."

"मेट्टूरचं पाणी जूनमध्ये सोडतात. तुमच्याकडे येणारा फाटा गाळाने पूर्ण बुजला असेल, तर कल्लणैला दारं आणखी वर उचलून काय होईल?"

तो गप्प राहिला. त्याला उत्तर माहीत होतं. औषध रक्तातून जातं. या आजारात त्या पापुद्र्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि त्या बंद पडतात. रक्त जात नाही म्हणून ते मांस मरतं, आणि रक्त जात नाही म्हणून औषधही पोचत नाही. मेलेल्या भागात जंतू निवांत राहतात आणि कडेच्या जिवंत भागात सरकत जातात. डोस दुप्पट केला तरी बुजलेल्या फाट्यातून तो जाणार कसा?

मग आम्ही दोघांनी पाय बघितला. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. लाली रेघेच्या वर दोन बोटं गेली होती. त्याने सही केली. "पाय तोडणार का?" एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं. पाय वाचवायचा प्रयत्न करीन, पण आत काय आहे ते उघडल्यावरच कळेल, आणि जीव आणि पाय यांत निवड करायची वेळ आली तर जीव निवडीन.

आत चीर दिली तेव्हा पू नव्हता. भांडी धुतलेल्या पाण्यासारखं राखाडी पातळ पाणी आलं. पापुद्रा चकाकता पांढरा असायला हवा, तो मळकट आणि बिनताकदीचा झाला होता. निरोगी माणसात तो चरबीला घट्ट चिकटलेला असतो, इथे बोट सहज आत सरकत गेलं. आणि रक्तस्राव जवळजवळ नाही. ऑपरेशन करताना रक्त येत नाही म्हणून काळजी वाटावी, असे प्रसंग थोडेच. मेलेलं सगळं काढत गेलो, जिथे कडेला ताजं लाल रक्त आलं तिथे थांबलो. घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंत जखम झाली. स्नायू मात्र गुलाबी होते. मांसाचा तुकडा कल्चरला पाठवला. जखम शिवली नाही, उघडी ठेवली.

हे नातेवाइकांना सर्वांत जड जातं. एवढी मोठी जखम आणि टाके नाहीत! पण चोवीस तासांच्या आत पुन्हा आत बघायचंच असतं. दुसऱ्या रात्री पोटरीच्या बाजूला आणखी तीन बोटं मेलेला पापुद्रा सापडला, तो काढला. तिसऱ्या वेळी सगळं स्वच्छ होतं. तोवर रक्तदाब टिकवायचं औषध उतरत आलं होतं आणि ते बायकोला नावाने ओळखून बोलत होते.

कल्चरमध्ये गट अ चा स्ट्रेप्टोकोकस निघाला. मग मोठं जाळं गुंडाळलं. पिपरॅसिलिन आणि व्हँकोमायसिन बंद, पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन चालू. प्रकृती सावरल्यावर आणखी काही दिवसांनी क्लिंडामायसिनही थांबवलं, कारण ते लांबवलं तर कधीकधी आतड्यांत वाईट जुलाब सुरू होतात. पेनिसिलिन मात्र, कापायचं काही उरलं नाही आणि ताप जाऊन दोन-तीन दिवस झाले, तोपर्यंत चालू ठेवलं. पुढे मांडीची कातडी घेऊन जखमेवर लावली.

सगळ्यांचं असं होत नाही. वेळेवर सगळं करूनही साधारण पाचांतला एक जातो, उशीर झाला तर जास्त. माझ्याही हातून गेलेत. पण कापण्याचं वजन किती आहे हे पाहायचं असेल तर १९२४ चा फ्रँक मेलेनी यांचा लेख आठवावा. ते पेकिंगमध्ये सर्जन होते. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती, एकही अँटिबायोटिक हाताशी नव्हतं. त्यांनी या आजाराच्या वीस रुग्णांना लगेच उघडून मेलेला भाग मोकळा केला. त्यांतले सोळा जगले. याच्या उलट, नुसत्या औषधावर ठेवलेले रुग्ण क्वचितच वाचतात. औषधाने रक्तातले जंतू आवरतात, विषं थांबतात, कडेचं जिवंत मांस राखलं जातं. मेलेलं मांस बाहेर काढण्याचं काम त्याला जमत नाही.

घरी जायच्या दिवशी त्यांच्या सुनेने औषधांचा कागद नीट वाचला आणि विचारलं, "अम्मा, ते क्लिंडामायसिन कॅप्सूलमध्ये पण मिळतं ना? घरात एक पाकीट ठेवू का? पुन्हा काटा लागला तर?"

मी म्हटलं, नको. कॅप्सूल घेऊन एक दिवस वाट बघितली तर तोच दिवस जाईल. त्यापेक्षा घरात एक पेन ठेव. लालीभोवती रेघ मार, वेळ लिही. लाली रेघेबाहेर गेली, किंवा लाली लहान आणि दुखणं न सोसवणारं असलं, किंवा तापात बोलणं भरकटायला लागलं, तर सर्जन असलेल्या हॉस्पिटलात आण, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. आणि येताना दुकानातल्या कुठल्या गोळ्या दिल्या त्याचं पाकीट बरोबर आण, कारण वेदनाशामक गोळीने दुखणं झाकलं गेलं असेल तर ते मला कळायला हवं.

तिने कागदाच्या मागे ते तमिळमध्ये लिहून घेतलं. सासऱ्यांनी तोवर रबरी बूट घालून बघितले होते आणि घोट्याला घासतात म्हणून कुरकुर चालवली होती.