चारशे माणसं गेली कुठे?

खरेदीच्या संकेतस्थळावर निम्म्या लोकांना पैसे भरायचं जुनं पान दाखवायचं आणि निम्म्यांना नवं, असा प्रयोग तपासायला आला की कोणतं पान जिंकतंय हे मी आधी बघतच नाही. कुठल्या पानावर किती माणसं आली, ते मोजते.

वाटणीचं सूत्र एका ओळीचं असतं:

```
hash("checkout:" + user_id) % 100
```

बाकी ५०पेक्षा कमी आली तर जुनं पान, नाहीतर नवं. आयडी तोच असेल तर उत्तरही तेच येतं, म्हणून माणूस कितीही वेळा परतला तरी त्याचं पान बदलत नाही. बदलतं ते लॉगिनपाशी. लॉगिनआधी त्याची ओळख ब्राउझरमधल्या कुकीवरून ठरते, नंतर खात्याच्या आयडीवरून. आयडी बदलला की हॅशही बदलतो, आणि मघाशी जुनं पान पाहणाऱ्याला आता नवं दिसू शकतं. त्यामुळे लॉगिन न करता वस्तू निवडायची, मग लॉगिन, रिफ्रेश, लॉगआउट, आणि प्रत्येक पायरीवर लॉगमध्ये कोणता व्हेरिअंट पडला ते पाहायचं, ही माझी ठरलेली वाट. पैसे भरायला लॉगिन लागतंच असेल, तर वाटणी त्यानंतरच, खात्याच्या आयडीवर करावी, असं माझं ठाम मत आहे.

अशाच एका प्रयोगात ‘पान दिसलं’ हा इव्हेंट १०,००० जणांचा नोंदला गेला होता: जुन्या पानाचे ५,२००, नव्याचे ४,८००. खरेदीच्या दरात नवं पान पुढे होतं, त्यामुळे सगळे खूश. पण निम्म्या-निम्म्या वाटणीत १०,००० माणसांमागे साधारण ५०चा चढउतार स्वाभाविक असतो. इथे तो २०० होता, म्हणजे चौपट. निव्वळ योगायोगाने असं दहा हजारांत एकदाही घडणं कठीण.

सर्व्हरवर मात्र वाटणी जवळपास समसमान होती. मग मी ब्राउझरमध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम उतरवला, नवं पान उघडलं आणि ते पूर्ण यायच्या आत टॅब बंद केला. इव्हेंट गेलाच नाही. नव्या पानावर एक मोठं चित्र होतं आणि ते उतरल्यावरच नोंद होत होती. मंद नेटवर्कवर कंटाळून निघून गेलेले हिशेबात आलेच नव्हते. उरले ते चांगल्या नेटवर्कचे, नाहीतर चिकाटीचे. अशांचा खरेदीचा दर जास्त दिसणारच.

जुन्या गटातले ४०० वगळून बरोबरी साधू, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. त्याने आकडे जुळले असते, पण नव्या गटातून नेमकी मंद नेटवर्कचीच माणसं गळली होती, ते तसंच राहिलं असतं. त्याऐवजी सर्व्हरने ज्यांना ज्यांना पान नेमून दिलं होतं, ती सगळी माणसं धरून दर पुन्हा काढला. नव्या पानाची आघाडी उरली नाही. इव्हेंट चित्राच्या आधी, पान ठरल्याक्षणी पाठवायचा बदल केला आणि पुढचा प्रयोग दोन्ही गटांना जुनंच पान दाखवून चालवला. त्यात माणसं आणि खरेदीचा दर दोन्ही जुळले, तेव्हाच नवं पान परत आत घेतलं.